पुलावर की पुलाखाली? नवा चालक आणि फोनमधला नकाशा

वाट दाखवणाऱ्या ॲपमध्ये निळ्या रेघेवर सरकणारा बाण इतका ठाम दिसतो, की गाडी नेमकी कुठे आहे हे फोनला तंतोतंत कळते असे वाटते. प्रत्यक्षात फोन अंदाज बांधत असतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनला आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगता येते. शहरातल्या मुख्य रस्त्यावर एका लेनची रुंदी असते साडेतीन मीटर. म्हणजे ज्या रस्त्यावर एका दिशेला तीन लेन आहेत, तिथे गाडी डावीकडच्या लेनमध्ये आहे की मधल्या, हे बहुतेक फोनना समजूच शकत नाही. नव्या फोनमध्ये उपग्रहांचे दोन वेगवेगळ्या लहरींवरचे संदेश पकडण्याची सोय असते आणि त्यामुळे चूक थोडी कमी होते, पण लेन ओळखण्याचा भरवसा त्यानेही मिळत नाही.

मग पडद्यावर वरच्या बाजूला लेनचे छोटे बाण दिसतात आणि त्यातले एक-दोन ठळक होतात, ते कशाच्या आधारावर? ते नकाशातून येतात. नकाशा बनवणाऱ्यांनी त्या चौकाची नोंद करताना ‘इथे चार लेन आहेत, डावीकडच्या दोन डावीकडे वळतात’ असे लिहून ठेवलेले असते. ॲप तेवढेच दाखवते. कोणत्या लेनमध्ये असायला हवे हे त्याला माहीत असते, गाडी सध्या कोणत्या लेनमध्ये आहे हे नसते. म्हणूनच चुकीच्या लेनमध्ये असलेल्या चालकाला ते टोकत नाही. नव्या चालकाला ही एक गोष्ट गाडी शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवी, कारण ॲपवरचा राग आणि ॲपवरचा आंधळा विश्वास, दोन्ही बहुधा इथूनच सुरू होतात.

लेनची ही नोंदसुद्धा रंगवलेल्या पट्ट्यांची असते. पट्टे पुसले गेले असतील, डावीकडच्या लेनमध्ये रिक्षा आणि टेम्पो उभे असतील किंवा मेट्रोच्या कामासाठी पत्रे लावून अर्धा रस्ता अडवला असेल, तर पडद्यावरच्या चार लेनमधल्या दोनच जमिनीवर शिल्लक असतात.

पाच मीटर इकडेतिकडे असलेला बाण बरोबर रस्त्याच्या मधोमध धावतो याचे कारण असे, की उपग्रहांवरून काढलेली जागा ॲप जशीच्या तशी दाखवत नाही. ते ती जवळच्या रस्त्यावर आणून चिकटवते. आजूबाजूला एकच रस्ता असेल तर हे उत्तम चालते. दोन रस्ते शेजारी-शेजारी असतील, उदाहरणार्थ महामार्ग आणि त्याला लागून सर्व्हिस रोड, तर आधीची दिशा, वेग आणि ठरलेला मार्ग पाहून ॲप त्यातला एक निवडते. गाडी ठरल्या मार्गावरच असणार, हे त्याचे पहिले गृहीत असते. दोन रस्ते एकमेकांच्या डोक्यावर असतील तर मात्र खरी पंचाईत होते. उपग्रहांवरून काढलेल्या उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षाही मोठी असते, बऱ्याचदा दीडपट-दुपटीची. उड्डाणपूल खालच्या रस्त्यापासून सात-आठ मीटर उंच असतो. ही उंची चुकीच्या पोटातच विरघळून जाते. त्यात पुलाखाली गेल्यावर वरचे काँक्रीट आकाश झाकते, बाजूच्या उंच इमारतींवर आपटून आलेले संदेश फोनला फसवतात आणि बाण शेजारच्या गल्लीत उडी मारतो.

मुंबईत हे पाहायला पश्चिम द्रुतगती महामार्गावरचा अंधेरीचा चौक घ्यावा. गोरेगावकडून दक्षिणेला येणाऱ्या चालकाला अंधेरी-कुर्ला रस्त्याने साकीनाक्याला जायचे आहे. महामार्गाचा उड्डाणपूल या चौकावरून जातो, म्हणजे वळायचे असेल तर पुलावर न चढता डावीकडून खालच्या रस्त्याला लागायचे आणि चौकात डावीकडे वळायचे. इथे रस्त्यांचे थरच थर आहेत. सर्वांत खाली चौक, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वरून वर्सोवा-घाटकोपर मेट्रो गेली आहे. फोनच्या दृष्टीने याहून अवघड जागा शहरात थोड्याच.

चालक उजवीकडच्या लेनमधून ताशी ६० किलोमीटरने येतो आहे असे धरू. या वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. चौकातले वळण ८०० मीटरवर आहे असे ॲप सांगते, तेव्हा हातात ४८ सेकंद आहेत असे वाटते. पण निर्णयाची जागा चौक नाही, पुलाची चढण जिथे सुरू होते ती आहे. चढण चौकाच्या ४०० मीटर अलीकडे सुरू होत असेल, तर खरे म्हणजे २४ सेकंदच उरलेले असतात. आता उजवीकडून डाव्या कडेला यायला तीन वेळा लेन बदलावी लागेल. आरसा पाहणे, इंडिकेटर देणे, मान वळवून आरशात न दिसणारी बाजू तपासणे, जागा मिळाली की सरकणे आणि गाडी सरळ करणे, यासाठी नव्या चालकाला रहदारी बरी असली तरी आठेक सेकंद लागतात. तीन आठे चोवीस. शेजारची बस जरा रेंगाळली, डावीकडून एखादी मोटारसायकल आत घुसली, की हिशेब चुकतो आणि गाडी पुलावर चढते.

चढल्यावर जे होते ते समजून घेण्यासारखे आहे. पूल आणि खालचा रस्ता समांतर धावत असल्यामुळे चूक झाली आहे हे ॲपला कळत नाही. बाण निळ्या रेघेवरच सरकत राहतो आणि पुलाच्या ऐन मध्यावर आवाज येतो, ‘आता डावीकडे वळा’. डावीकडे असतो कठडा. या क्षणी गोंधळून ब्रेक दाबणे ही सर्वांत धोक्याची गोष्ट आहे, कारण मागची गाडी पुलावर कोणी थांबेल या अपेक्षेने येत नसते. पूल उतरून गाडी चौकाच्या बरीच पुढे गेली, की ठरलेला मार्ग आणि गाडीची जागा यांच्यात पुरेसे अंतर पडते, ॲप काही सेकंद विचार करते आणि नवा मार्ग काढते. तोपर्यंत सरळ जात राहणे, हाच त्या वेळचा योग्य मार्ग असतो.

याउलट चूकही होते. चालक बरोबर खालच्या रस्त्याला लागलेला असतो आणि ॲप त्याला पुलावर धरते. अशा वेळी बाण चौकातून सरळ निघून जातो, पुढे जायचे अंतर वाढते, नको तिथे ‘यू-टर्न घ्या’ असे ऐकू येते. ओळखायची खूण सोपी आहे. डोळ्यांना सिग्नल आणि झेब्रा पट्टे दिसत असताना पडद्यावर अखंड सरळ रस्ता दिसत असेल, तर पडदा चुकला आहे.

भारतातल्या शहरांत ही अडचण इतकी रोजची आहे, की जुलै २०२४ मध्ये गूगल मॅप्सने देशातल्या ४० शहरांसाठी उड्डाणपुलाची वेगळी सूचना सुरू केली. पुढे येणारा पूल घ्यायचा आहे की नाही, हे ती आधीच सांगते. मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीच्या मॅपल्स ॲपमध्ये मोठ्या चौकांचे आणि पुलांचे चित्र पडद्यावर उभे राहते, आणि त्यात कोणत्या फाट्याने जायचे ते बाणाने दाखवलेले असते. दोन्ही सोयी फार मोलाच्या आहेत. मात्र त्यांनी गाडी कोणत्या थरावर आहे हे शोधण्याचा प्रश्न सुटलेला नाही. निर्णयाच्या आधी नकाशातली माहिती बोलून दाखवायची, एवढेच त्यांत होते. सूचना निसटली, तर पुढचा गोंधळ पूर्वीसारखाच.

आवाजाची सूचना साधारणपणे तीन टप्प्यांत येते. लांबून एकदा, जवळ आल्यावर पुन्हा आणि वळणाच्या तोंडाशी शेवटची. नवा चालक बहुधा शेवटच्या सूचनेची वाट पाहतो, आणि तिथेच चुकतो. पहिली सूचना लेन बदलण्यासाठी असते, दुसरी वेग कमी करण्यासाठी आणि तिसरी फक्त खात्री पटवण्यासाठी, असे धरून चालले तर गर्दीतही धावपळ होत नाही. तिसरी सूचना ऐकून लेन बदलायला निघालेला चालक उशिराच निघालेला असतो.

सूचना मीटरमध्ये मिळते, चालकाला मात्र वेळेत विचार करावा लागतो. २०० मीटर म्हणजे ताशी ६० च्या वेगाला १२ सेकंद, ४० च्या वेगाला १८ सेकंद आणि कोंडीत ताशी १० ने सरकत असताना सव्वा मिनिटाच्या आसपास. म्हणून कोंडीत ‘२०० मीटरवर डावीकडे’ ऐकताच पहिल्या दिसलेल्या गल्लीत घुसणारे चालक सापडतात. त्या गल्लीला अजून दोन गल्ल्या बाकी असतात. अंतराचा अंदाज यायला एक साधा उपाय आहे. विजेचे किंवा दिव्याचे खांब शहरात बहुतेक २५ ते ३० मीटरवर असतात, तेव्हा २०० मीटर म्हणजे सातआठ खांब. ओळखीच्या रस्त्यावर एकदोनदा मोजून पाहिले की डोळा तयार होतो.

शब्दांकडेही लक्ष द्यावे लागते. ‘डावीकडे वळा’ आणि ‘डावीकडे राहा’ या वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीत रस्ता बदलतो. दुसरीत पुढे फाटा आहे, त्यातला डावा फाटा धरायचा आहे, वळायचे काहीच नाही. इंग्रजी आवाजात हाच फरक ‘टर्न लेफ्ट’ आणि ‘कीप लेफ्ट’ असा ऐकू येतो. मराठी वा इंग्रजी, जो आवाज ऐकताना मनात भाषांतर करावे लागत नाही तो निवडावा, कारण भाषांतराला लागणारा एखादा सेकंद गर्दीत महागात पडतो. रस्त्यांच्या नावांचे उच्चार यांत्रिक आवाजात अनेकदा ओळखू येत नाहीत, आणि आपल्या शहरांत रस्त्याचे पाटीवरचे नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव वेगळेच असते. म्हणून नावापेक्षा दिशा आणि अंतर यांवरच भर द्यावा. मोठ्या वर्तुळाकार चौकात ‘दुसरा मार्ग घ्या’ असे येते. इथे डावीकडून सुरुवात करून बाहेर पडणारे रस्ते मोजायचे. एखाद्या सोसायटीचे फाटक ॲपने मोजले आहे की नाही अशी शंका आली तर वर्तुळात आणखी एक फेरी मारावी. त्याने फार तर अर्धा मिनिट जातो.

वेगाच्या इशाऱ्याकडे वळले की एकाच गाडीत तीन आकडे आणि तीन आवाज आढळतात. गाडीच्या डॅशबोर्डवरचा काटा, ॲपचा आकडा आणि गाडीचा स्वतःचा बीप. काटा आणि ॲप जुळत नाहीत म्हणून नवे चालक गोंधळतात, पण ते जुळू नयेत अशीच रचना आहे. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचे नाही असा नियम असतो, म्हणून कंपन्या तो जरा वरच ठेवतात. काटा ६० दाखवत असताना ॲप ५६ किंवा ५७ दाखवणे अगदी स्वाभाविक आहे. गाडी एकाच वेगाने मोकळ्या रस्त्यावर चालली असेल तर ॲपचा आकडा खऱ्या वेगाच्या जास्त जवळ असतो. पण तो एकदोन सेकंद मागून येतो. ब्रेक मारल्यावर, सिग्नलवर थांबताना आणि पुलाखाली काटाच खरा मानावा.

बीपचे काम निराळे आहे. जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांमध्ये ताशी ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा इशारा सक्तीचा झाला. हा इशारा रस्ता ओळखत नाही. ताशी ४० ची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ७५ ने गेली तरी तो गप्प असतो. वेगमर्यादा दाखवण्याचे काम ॲपचे, आणि तिथेही नोंद असेल तरच. पडद्याच्या कोपऱ्यात मर्यादा दिसते, ती ओलांडली की आकड्याचा रंग बदलतो, काही ॲपमध्ये सोबत आवाजही येतो. मर्यादा दिसतच नसेल तर ‘इथे मर्यादा नाही’ असा अर्थ होत नाही, नकाशात ती नोंदलेली नाही एवढाच होतो.

मुंबईचा सागरी किनारा मार्ग या बाबतीत चांगली परीक्षा घेतो. सरळ रस्त्यावर मर्यादा ताशी ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर, आत-बाहेर पडताना ४०. काही मिनिटांच्या प्रवासात मर्यादा दोनतीनदा बदलते. त्यात गिरगाव चौपाटी आणि प्रियदर्शिनी पार्क यांच्यामधला बोगदा सुमारे दोन किलोमीटरचा, आणि जमिनीखाली उपग्रहांचा संदेश पोचत नाही. बोगद्याच्या तोंडाशी जो वेग होता त्याच वेगाने गाडी चालली असेल असे समजून ॲप बाण पुढे ढकलत राहते. ॲपचा वेगाचा आकडा एक तर गोठतो किंवा नाहीसा होतो. गाडी पुढे धिमी झाली तर बाण बोगद्याबाहेर पोचतो आणि गाडी आतच असते. बाहेर पडताना कोणती बाजू धरायची आहे हे म्हणूनच आत शिरण्यापूर्वी पाहून ठेवावे आणि आत असताना काटा व रस्त्यावरच्या पाट्या यांवर चालावे. दंड पाटीप्रमाणे होतो. ॲपने वेगळी मर्यादा दाखवली ही सबब चलनाला उत्तर म्हणून चालत नाही. मोटारीसाठी अतिवेगाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर १००० ते २००० रुपये आहे.

फोन हाताळण्याबद्दलही कायदा स्पष्ट आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार गाडी चालवताना हातातल्या फोनसारख्या साधनाचा उपयोग केवळ वाट पाहण्यासाठी, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, करता येतो. ठिकाण टाईप करणे यात बसत नाही. ताशी ४० च्या वेगाने दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर गाडी २२ मीटर न पाहता गेलेली असते, आणि शहरात २२ मीटरच्या आत शाळकरी पोर रस्त्यावर उतरते. म्हणून ठिकाण, आवाजाची पातळी आणि मार्ग हे सारे हँडब्रेक लावलेला असतानाच ठरवावे. फोन होल्डरमध्ये, समोरचा रस्ता झाकला जाणार नाही इतका खाली आणि मान वळवावी लागणार नाही इतका जवळ असावा. एक नजर वाहनाच्या चिन्हाकडेही टाकावी. आधी कोणी दुचाकीसाठी मार्ग शोधला असेल तर ॲप तोच पर्याय धरून ठेवू शकते, आणि दुचाकीचा मार्ग पेठांतल्या बोळांमधून खुशाल जातो. तिथे अडकलेली मोटार मागे घेणे नव्या चालकासाठी फार कठीण काम आहे.

सर्वांत उपयोगी पाच मिनिटे निघण्यापूर्वीची असतात. मार्ग बोटाने सरकवत पुढे न्यायचा आणि त्यातल्या दोन-तीन अवघड जागाच लक्षात ठेवायच्या. ‘पहिला पूल घ्यायचा, दुसऱ्याखालून जायचे, मेट्रो स्टेशन दिसले की डावी बाजू’ अशी एक ओळ मनात असली, की आवाज फक्त तिची आठवण करून देतो. सुचवलेला मार्ग चार मिनिटांनी लवकर पोचवत असेल पण त्यात दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उजवे वळण असेल, तर नव्या चालकाने चार मिनिटे सोडून द्यावीत. ॲपचा हिशेब वेळेचा असतो. समोरून येणाऱ्या रहदारीत फट शोधणे कोणाला किती जड जाते, ते त्यात मोजलेले नसते.

नकाशा शिळा असू शकतो, ही शेवटची आणि गंभीर मर्यादा. पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले गेले, चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने उडवला गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे नव्या पुलांचे व चढ-उताराच्या फाट्यांचे जाळे खुले झाले. अशा जागी काही काळ जमीन एक सांगते आणि पडदा दुसरेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून एक मोटार खाली कोसळून तिघांचा जीव गेला. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता आणि त्याची नोंद नकाशात नव्हती. अडथळे, पत्रे, उलटी वळवलेली रहदारी, पोलिसाचा हात किंवा पुढे एकही गाडी न दिसणारा रिकामा रस्ता, यांतले काहीही पडद्याशी विसंगत दिसले तर गाडी बाजूला घेऊन थांबावे, आणि मगच फोन पाहावा. एकेरी रस्त्याची दिशा तर सणासुदीला संध्याकाळपुरतीही बदलते. गणेशोत्सवात पुण्याच्या मध्यभागात हे दरवर्षी घडते.

प्रवासाचे शेवटचे शंभर मीटरही जरा वेगळेच असतात. ॲप रस्त्यावरच्या एका बिंदूपाशी नेते आणि ‘ठिकाण उजवीकडे आहे’ असे सांगून गप्प होते. उजवीकडे दुभाजक असतो, किंवा इमारतीचे फाटक मागच्या गल्लीत असते. ही वेळ चुकूनही तिथल्या तिथे वळण्याची नाही. नव्या चालकाने ठिकाण शोधताना इमारतीचे नाव न टाकता, शक्य असेल तर, तिच्या फाटकावर किंवा जवळच्या पार्किंगवर बोट दाबून खूण करावी आणि ती रस्त्याच्या डाव्या बाजूला येईल असा मार्ग घ्यावा. तसे नसेल तर पुढच्या सिग्नलपर्यंत सरळ जाऊन यू-टर्न घ्यावा. ॲप तेवढ्यात पुन्हा बोलू लागते आणि या वेळी ठिकाण डावीकडे असल्याचे सांगते.